त्या पाटीवर काय लिहिलंय? चित्र काढणारी मॉडेलं खोटी नावं का रचतात

चोपडा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई केळीचे वेफर्स तळतात. दिवाळीच्या तोंडावर जळगावात एक प्रदर्शन होतं, त्यासाठी त्यांना सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स हवा होता. पुढे वेफर्सची पिशवी आणि मागे भरलेला बाजार, एवढीच त्यांची कल्पना. मी चित्र काढणाऱ्या एका एआय मॉडेलला तसं वर्णन लिहून दिलं, आलेल्या चार चित्रांतलं एक निवडलं आणि त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. फोनवर ते छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दुकानात आल्या, मोठ्या स्क्रीनवर चित्र उघडलं, आणि त्यांनी मागच्या एका दुकानाच्या पाटीवर बोट ठेवलं.

"भाऊ, आठे काय लिखेल शे?"

मी वाचायला गेलो आणि थांबलो. शिरोरेषा होती, तिच्याखाली दांडे होते, एक वेलांटी होती. पहिलं अक्षर 'क'सारखं होतं, दुसरं 'ण' आणि 'ळ' यांच्या मधलं काहीतरी, आणि तिसरं तर कुठल्याच बाराखडीत बसत नव्हतं. पिशवीवर ठळक इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं, 'बॅनव्हेरी' असं काहीसं वाचता येणारं. खाली शाकाहाराची हिरवी खूण, आणि तिच्याशेजारी अन्न परवान्याचा असावा असा एक लांबलचक आकडा. त्यातले काही अंक अंकही नव्हते.

"हाई नाव कोनं शे?" हा ताईंचा दुसरा प्रश्न होता, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा होता. ते नाव कोणाचंच नव्हतं. पण सहा फुटांच्या फ्लेक्सवर छापलं गेलं असतं तर लोकांनी ते त्यांच्याच गटाचं नाव समजलं असतं, आणि तो परवाना क्रमांकही त्यांचाच. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक खरा असावा लागतो. तो चित्रात शोभेसाठी काढायची गोष्ट नाही.

त्या दिवसापासून मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो. आपण न मागितलेली अक्षरं चित्रात येतात कुठून, आणि ती येऊ नयेत म्हणून नेमकं काय करायचं? मागितलेलं अक्षर चुकीचं येणं हा वेगळा विषय आहे, त्याला इथे मी फक्त जाता जाता स्पर्श करणार आहे.

कोरी पाटी मॉडेलनं पाहिलेलीच नसते

आमच्या घरात पाट्या रंगवण्याचं काम होतं. वडील खडूच्या भुकटीत दोरी बुडवायचे, दोन्ही टोकं ताणून पत्र्यावर टिचकी मारायचे, की शिरोरेषेची सरळ रेघ उमटायची. मग त्या रेघेला अक्षरं लटकवायची. पण त्याही आधी गिऱ्हाइकानं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलेला शब्द त्यांच्या खिशात असायचा. शब्द आधी, रंग नंतर.

चित्र काढणाऱ्या मॉडेलकडे तो चिठोरा नसतो. त्याचं शिक्षण असं होतं : इंटरनेटवरची अफाट चित्रं घ्यायची आणि प्रत्येक चित्राजवळ जे काही वर्णन लिहिलेलं असेल तेही घ्यायचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं 'स्टेबल डिफ्यूजन' ज्या साठ्यातून निवडलेल्या चित्रांवर शिकलं, त्या 'लायन-५बी' नावाच्या साठ्यात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या, एक चित्र आणि त्याची एक ओळ अशा. त्यातली ती ओळ महत्त्वाची. समजा कोणी जळगावच्या फुले मार्केटचा फोटो टाकला. खाली काय लिहील? 'संध्याकाळचा बाजार' किंवा 'भारतातली गजबजलेली गल्ली'. फोटोत दिसणाऱ्या वीस पाट्यांवर काय काय लिहिलंय ते कोणी उतरवून काढत नाही.

म्हणून मॉडेल दोन गोष्टी शिकतं आणि तिसरी शिकत नाही. बाजार म्हटलं की शटरच्या वर एक आडवी पट्टी असते, हे ते शिकतं. त्या पट्टीवर गडद रंगाच्या, एका उंचीच्या, ओळीत बसलेल्या आकृत्या असतात, हेही शिकतं. त्या आकृत्या म्हणजे शब्द आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो, हे शिकायला त्याला फारसं काही मिळतच नाही. कडुनिंबाच्या झाडावरची पानं काढताना कुठलं पान कुठे याला महत्त्व नसतं, पान वाटलं की झालं. पाटीवरची अक्षरं मॉडेलच्या लेखी त्या पानांसारखीच असतात.

आता चित्र कसं तयार होतं ते पाहू, कारण सगळा उपाय त्यातच दडलेला आहे. मॉडेल सुरुवात करतं ती जुन्या टीव्हीवर केबल निघाल्यावर दिसायच्या त्या मुंग्यांसारख्या गोंधळातून. मग वीस, तीस, कधी पन्नास पायऱ्यांत तो गोंधळ थोडा थोडा साफ करत जातं. पहिल्या काही पायऱ्यांत ढोबळ मांडणी ठरते : इथे रस्ता, इथे आकाश, इथे दुकानाचा काळा चौकोन, त्याच्या वर उजळ पट्टी. बारीक तपशील नंतरच्या पायऱ्यांत भरले जातात. म्हणजे पट्टीवर काय येणार हे ठरायच्या कितीतरी आधी तिथे पट्टी असणार हे ठरून गेलेलं असतं. आणि एकदा दुकानावरची पट्टी पक्की झाली की तिच्यावर काहीतरी भरणं मॉडेलला भाग पडतं, कारण त्यानं पाहिलेल्या फोटोंमध्ये दुकानावरची कोरी पाटी जवळपास नसतेच. वेफर्सच्या पाकिटाचंही तेच. दुकानातलं कोरं, चकचकीत, काहीही न छापलेलं रंगीत पाकीट तुम्ही तरी कधी पाहिलंय?

माझ्या मते या विषयात लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट हीच आहे. अक्षरं हा पाटीच्या मागून येणारा परिणाम आहे. 'अक्षरं नकोत' असं म्हणून काम भागत नाही, कारण भांडण पाटीशी आहे.

तीन चौकोनांत मावणारं अक्षर

दुसरं कारण निव्वळ जागेचं आहे. यातली बरीच मॉडेलं पूर्ण चित्रावर काम करत नाहीत, कारण ते फार जड पडतं. ती आधी चित्र आकसून घेतात, आकसलेल्या रूपावर सगळ्या पायऱ्या करतात, आणि शेवटी ते पुन्हा फुलवतात. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या मॉडेलांत आणि २०२३ च्या 'एसडीएक्सएल'मध्ये आठ पिक्सेल रुंद आणि आठ पिक्सेल उंच अशा प्रत्येक चौकोनाची माहिती फक्त चार आकड्यांत बसवली जाते. मुळात त्या चौकोनात चौसष्ट पिक्सेल आणि प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे १९२ आकडे असतात. १९२ चे चार.

ताईंच्या चित्राचं गणित करून पाहू. चित्र १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं. मागची पाटी साधारण २०० पिक्सेल रुंद आणि ४० उंच. तिच्यावरच्या अक्षराची उंची २४ पिक्सेल, म्हणजे आकसलेल्या रूपात अवघे तीन चौकोन. या तीन चौकोनांत वरची मात्रा किंवा अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षराचं पोट आणि खाली उकार, एवढं सगळं कोंबायचं आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षराला मजले नसतात, ते त्या जागेत कसंबसं उभं राहतं. 'कुं' किंवा 'ष्ट्र' उभं राहू शकत नाही.

मी याची खात्री करून घेतली. गल्लीतल्या किराणा दुकानाचा, पाटी स्वच्छ वाचता येणारा खरा फोटो घेतला आणि कुठलंही नवं चित्र न काढता तो फक्त आकसून पुन्हा फुलवला. दोन हात उंचीची जवळची अक्षरं जशीच्या तशी राहिली. लांबच्या पाटीवरची अक्षरं मात्र वितळली : अनुस्वार शिरोरेषेत मिसळले, 'ध' आणि 'घ' सारखेच दिसू लागले. म्हणजे खरी अक्षरंसुद्धा या चाळणीतून धड बाहेर येत नाहीत. मग शून्यातून रचलेली कशी येणार?

२०२४ मध्ये आलेल्या 'स्टेबल डिफ्यूजन ३' आणि 'फ्लक्स' या मॉडेलांत चारऐवजी सोळा आकडे वापरले आहेत, त्यामुळे बारीक रेषा खूप सुधारल्या. मागितलेला छोटा इंग्रजी शब्द ती बहुतेक वेळा बरोबर लिहितात. पण तुम्ही एका पाटीवर काय लिहायचं ते सांगितलं आणि मागे अजून दहा पाट्या आल्या, तर त्या दहांचा शब्द कोणीच सांगितलेला नसतो. जागा वाढली तरी चिठोरा नाहीच.

मग इंग्रजी नाव वाचता आलं आणि मराठी का नाही?

हा प्रश्न ताईंच्या मुलानं विचारला आणि तो रास्त होता. पिशवीवरचं खोटं नाव निदान उच्चारता येत होतं, पाटीवरचं मराठी उच्चारताही येत नव्हतं.

एक तर मॉडेलनं रोमन अक्षरं कितीतरी जास्त पाहिली आहेत. जगभरच्या पाकिटांवर तीच सव्वीस अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे कुठल्या अक्षराशेजारी साधारण कुठलं येतं याची सवय त्याच्या हाताला लागते. त्या सवयीतून जे उतरतं ते एखाद्या खऱ्या कंपनीच्या नावासारखं वाटतं, कारण अनेक खऱ्या नावांची वळणं त्यात मिसळलेली असतात. एखादी खूण फारच वेळा पाहिलेली असेल तर ती जवळजवळ जशीच्या तशी उमटते. गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीनं २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजन खुलं करणाऱ्या स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर खटला भरला, तेव्हा पुराव्यात अशी चित्रं दिली होती ज्यांवर गेटीचा वॉटरमार्क वेडावाकडा होऊन आला होता. कोणी तो मागितला नव्हता. पण क्रीडास्पर्धांच्या असंख्य फोटोंवर तो होता, म्हणून मॉडेलनं तो फोटोचाच भाग धरला. लाल बाटली मागितली की तिच्यावर पांढरी वळणदार अक्षरं येतात, तीही याच वाटेनं.

देवनागरीची गोष्ट वेगळी. आपण 'कि' लिहितो तेव्हा आधी 'क' आणि मग वेलांटी टाइप करतो, पण दिसताना वेलांटी डावीकडे जाते. 'र' कधी रफार होऊन डोक्यावर चढतो, कधी पायाशी तिरपा होतो, 'ऱ्हा'मध्ये त्याचं तिसरंच रूप. कॉम्प्युटरवर हे जमवायला फॉन्टमध्ये नियम लिहिलेले असतात आणि ते चालवणारी वेगळी यंत्रणा असते. चित्र काढणाऱ्या मॉडेलमध्ये अशी कुठलीच यंत्रणा नाही. त्याच्याजवळ फक्त दिसण्याची आठवण आहे, आणि आपल्या लिपीची लांबून दिसणारी सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे शिरोरेषा. म्हणून ते आधी शिरोरेषा ओढतं आणि खाली दांडे लटकवतं. लांबून पाहणाऱ्याला ते मराठी वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून तर मी ते पाठवलं.

त्यात आणखी एक अडचण : तुम्ही लिहिलेलं वर्णन मॉडेलपर्यंत अक्षर अक्षर करून पोचत नाही, शब्दांचे तुकडे करून त्या तुकड्यांचे क्रमांक पोचतात. कोणत्या तुकड्यात कोणती अक्षरं आहेत हे त्याला सरळ दिसत नाही. अक्षरं ओळखणारा भाग जोडला की शब्दलेखन सुधारतं, हे गूगलच्या संशोधकांनी २०२२ च्या अखेरीस दाखवलं.

'अक्षरं नकोत' म्हटल्यानं काय होतं

माझं पहिलं वर्णन असं होतं :

```
packet of banana wafers on a table, busy Indian bazaar
street with shops behind, no text, no brand names
```

शेवटचे शब्द पाहा. मला वाटलं, मी स्पष्ट बजावलंय. पण वर्णन वाचणारे हे भाग नकार नीट धरत नाहीत, खास करून जुन्या मॉडेलांतले. प्रशिक्षणातल्या ओळींमध्ये चित्रात काय आहे ते लिहिलेलं असतं, काय नाही ते क्वचितच. त्यामुळे 'अक्षरं नकोत' यातला 'अक्षरं' हा शब्द ठसतो आणि 'नकोत' गळून पडतो. मी दोन्ही प्रकारे आठ-आठ चित्रं काढून पाहिली. नकार लिहिलेल्या वर्णनात पाट्या कमी झाल्या नाहीत, उलट एका चित्रात आकाशातच एक ओळ तरंगत होती.

नकारासाठी काही मॉडेलांत वेगळा रकाना असतो, निगेटिव्ह प्रॉम्प्ट. तो खरंच काम करतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक पायरीवर मॉडेल दोन अंदाज बांधतं, एक तुमच्या वर्णनाप्रमाणे आणि एक या रकान्यातल्या शब्दांप्रमाणे. मग दुसऱ्यापासून दूर आणि पहिल्याकडे असं चित्र ढकलतं. त्यामुळे इथे 'नको' हा शब्द लिहायचाच नाही, नको असलेल्या वस्तूंची नुसती नावं लिहायची :

```
text, letters, signboard, logo, label, watermark, signature
```

पण दोन मर्यादा आहेत. ढकलण्याचा जोर ज्या आकड्यावर ठरतो तो एकवर ठेवला असेल, तर हा रकाना भरून उपयोग शून्य. झटपट चित्र देणारी बरीच मॉडेलं तशीच चालतात, आणि काही मॉडेलांत हा रकानाच नसतो. दुसरी मर्यादा मोठी. वर्णनात 'दुकानांची रांग' आणि नकारात 'पाटी' असं लिहिलं की दोन बाजूंनी ओढाताण होते, आणि पाट्या पुसट होऊन का होईना राहतात. बाजार मागायचा आणि बाजाराचा अर्धा भाग नाकारायचा, हे त्याला जमत नाही.

जी वस्तू मुळातच कोरी असते ती मागा

इथून काम सोपं झालं. मी कागद घेतला आणि आपल्या भागातल्या बाजारात कशाकशावर अक्षरं असतात ते आठवत बसलो. दुकानाची पाटी, शटर, टेम्पोची मागची फळी, नंबरप्लेट, सिमेंटच्या आणि खताच्या गोण्या, भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती, एसटीचा फलक, प्लॅस्टिकचे क्रेट, रसवंतीची गाडी. मग उलट बाजू : कशावर अक्षरं नसतात? केळीचे घड. बांबूच्या टोपल्या. हातगाडीवर ताणलेली ताडपत्री. शेणामातीनं सारवलेली भिंत, पितळी परात, लुगड्याचा पदर, केळीची पानं. या वस्तू खऱ्या जगातच कोऱ्या असतात, म्हणून मॉडेलच्या आठवणीतही कोऱ्याच असतात. त्यांना कोरं ठेवायला सांगावंही लागत नाही.

सगळ्यात निर्धोक म्हणजे बाजार सोडून शेतावर जाणं. पण ताईंना बाजारच हवा होता, कारण त्यांचं गिऱ्हाईक बाजारातलं. मग जागा तीच ठेवून कॅमेरा हलवला. दुकानाच्या पाट्या डोक्याच्या वर असतात. नजर गाडीच्या उंचीवर आणली की त्या चौकटीबाहेर जातात. पाकिटाऐवजी पारदर्शक, न छापलेली पिशवी मागितली :

```
clear unprinted plastic pouch of yellow banana wafers on a
brass plate, wooden handcarts heaped with green bananas
behind, plain tarpaulin awnings, low eye-level view,
shallow depth of field, soft morning light
```

मागचं धूसर ठेवण्याचा शब्दही मुद्दाम घातला आहे. धूसर भागात मॉडेल अक्षर रचायला जात नाही, कारण खऱ्या फोटोतही तिथे अक्षर दिसत नाही. फक्त धूसरपणा भरपूर हवा. अर्धवट असला की अक्षरासारखे डाग राहतात आणि ते जास्त त्रास देतात.

या वर्णनावर आठ चित्रं काढली. पाचांत एकही अक्षर नव्हतं. पण ताईंना जे आवडलं त्यात दोन जागा राहिल्याच होत्या : डावीकडे एक छोटी पाटी, आणि मागे एका टेम्पोची नंबरप्लेट. त्या प्लेटवर 'एमएच १९'सारखं काही नव्हतंच, नुसता अंकांचा चिखल. तरी ती घालवायलाच हवी होती. योगायोगानं कोणाच्या खऱ्या गाडीचा नंबर उमटला तर?

उरलेलं पुसायचं कसं

पुसण्यासाठी चित्राचा तेवढाच तुकडा पुन्हा काढून घेता येतो. `Inpaint` या सोयीत नको असलेल्या भागावर ब्रश फिरवायचा आणि तिथे काय हवं ते लिहायचं. यात मी तीन वेळा चुकलो.

पहिली चूक, ब्रश फक्त अक्षरांवरून फिरवला. पाटी तशीच राहिली, आणि रिकामी पाटी दिसताच मॉडेलनं तिच्यावर नवी अक्षरं लिहिली. पूर्ण पाटी, तिची चौकट आणि भोवती वीसेक पिक्सेल झाकल्यावरच ती गेली. दुसरी चूक, `Denoising strength` हा आकडा ०.४ ठेवला. एवढ्या कमी जोरावर मॉडेल जुन्या आकृतीवरूनच पुढे जातं, त्यामुळे अक्षरांची भुतं उरतात. ०.९ केल्यावर जुनं काहीच उरलं नाही. तिसरी चूक वर्णनाची. बारीक काम चांगलं व्हावं म्हणून `Only masked` निवडलं होतं. त्यात तो तुकडा मोठा करून पुन्हा काढला जातो, म्हणजे चिमुकल्या जागेला भरपूर पिक्सेल मिळतात. पण वर मी संपूर्ण बाजाराचं जुनं वर्णन तसंच ठेवलं होतं. परिणामी पाटीच्या जागी एक इवलासा बाजार उगवला, पाट्यांसकट. तिथे फक्त जागेचा पृष्ठभाग लिहायचा :

```
faded blue wooden planks
```

एवढं लिहिलं आणि पाटीच्या जागी निळ्या फळ्या आल्या. नंबरप्लेटसाठी तर मॉडेलची गरजही पडली नाही, शेजारचा पत्रा क्लोन टूलनं ओढून झाकला.

फ्लेक्सवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना

सहा फूट म्हणजे ७२ इंच. १०२४ पिक्सेल तेवढ्यावर पसरले तर इंचाला जेमतेम चौदा पडतात. म्हणून चित्र मोठं करावं लागतं, आणि आजकाल ते एआयच्या अपस्केलरनं करतात. हा अपस्केलरही तपशील रचतोच. जो धूसर डाग छोट्या चित्रात निरुपद्रवी होता, त्याला तो अक्षर समजून धारदार करतो. मी स्वच्छ केलेल्या चित्रात ताडपत्रीच्या कडेचे पट्टे मोठं केल्यावर चक्क शिरोरेषेखालच्या अक्षरांसारखे झाले होते. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी चित्र, मग पुसणं, मग मोठं करणं, मग पुन्हा तपासणं, आणि खरी अक्षरं सगळ्यात शेवटी.

खरी अक्षरं मॉडेलकडून लिहून घ्यायचीच नाहीत. ती टाइप करायची. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी असे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात. त्यातल्या शेवटच्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. इंकस्केप किंवा गिंपमध्ये टाइप केलं की जोडाक्षरं नीट जुळतात. फ्लेक्स छापायला देण्यापूर्वी अक्षरं कर्व्ह करून टाकायची, नाहीतर दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की छापताना वेलांट्या जागा सोडतात. मॉडेलचा काही दोष नसताना पुन्हा तोच चिखल.

पिशवीवरच्या लेबलसाठी मी ताईंच्या खऱ्या लेबलाची फाईलच घेतली. पर्स्पेक्टिव्ह टूलनं तिचे चार कोपरे पिशवीच्या कोपऱ्यांना बसवले, पिशवीच्या सुरकुत्यांची सावली तिच्यावर राहील अशा तऱ्हेनं लेयर मिसळला, आणि एक पिक्सेलभर धूसर केला. धूसर केला नाही तर लेबल चित्रावर चिकटवल्यासारखं दिसतं.

तपासताना मी आता नजरेवर भरवसा ठेवत नाही. ओळखीची शिरोरेषा दिसली की डोळा वाचल्याचं समाधान मानून पुढे सरकतो. म्हणून चित्र दुप्पट मोठं करायचं आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं सरकवायचं. चारही कोपरे वेगळे पाहायचे, कारण चित्रकाराची सही किंवा वॉटरमार्कचा पुसट तुकडा तिथे लपतो. आणि जिथे अक्षर दिसेल तिथे बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं. वाचता आलं नाही तर ते जायलाच हवं.

शेवटचं चित्र ताईंना दाखवलं तेव्हा मी काही बोललो नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा तसंच बोट फिरवलं, गाडीवरून, टोपल्यांवरून, मागच्या निळ्या फळ्यांवरून. ताडपत्रीच्या कडेला एका जागी त्यांचं बोट थांबलं. मी पट्टा मोठा करून पाहिला. माझ्या नजरेतून एक अक्षर सुटलं होतं. ते पुसलं. मग त्यांनी पिशवीतून परवान्याचा कागद काढला, मांडीवर उलगडला, आणि लेबलावरचा क्रमांक एकेक अंक करत मोठ्यानं वाचायला लागल्या. मी कागदावर बोट सरकवत होतो. चौदाही जुळले.